रविवारी गर्दी, मंगळवारी शुकशुकाट: शेजारच्या धंद्याला सोबत कसं घ्यायचं?

ज्याचे ग्राहक तेच आपले ग्राहक, अशा व्यावसायिकाला ‘चला, मिळून एक वेबिनार करू’ असं विचारायचं असेल, तर काय लिहायचं, काय देऊ करायचं आणि काय आधीच ठरवून घ्यायचं? जोतिबाच्या डोंगरावरचं एक उदाहरण घेऊन केलेला हा हिशेब.

कॉलेजच्या गॅदरिंगला स्पॉन्सर मिळवायला कधी फिरलायत? एक पत्र, त्याच्या पन्नास झेरॉक्स आणि गल्लीतलं प्रत्येक दुकान. ‘आपण आम्हाला सहकार्य करावे, आम्ही आपला बॅनर लावू.’ दुकानदार पाचशेची नोट देतो आणि विषय संपतो. तो बॅनर बघून त्याच्याकडे कोण आलं, हे तुम्हीही विचारत नाही आणि तोही विचारत नाही. कारण दोघांनाही मनातून माहीत असतं, की ही वर्गणी आहे.

आपला स्वतःचा किंवा घरचा छोटा व्यवसाय सुरू झाला, की बरेचजण तेच पत्र नाव बदलून दुसऱ्या व्यावसायिकाला पाठवतात. ‘आपण कोलॅब करू’ असा मेसेज जातो, दोन निळ्या टिका येतात आणि पुढे काहीच घडत नाही. को-मार्केटिंग, म्हणजे दोन धंद्यांनी मिळून एकाच ग्राहकापर्यंत पोहोचणं, ही वर्गणी नाही. तिथे समोरच्याला पैसे मागायचे नसतात. त्याने वर्षानुवर्षं कमावलेली, पैशापेक्षा महाग गोष्ट आपण मागत असतो. ती म्हणजे त्याच्या ग्राहकांचा विश्वास.

डोंगर तोच, वार वेगळा

कोल्हापूरहून रत्नागिरी रस्त्याने निघालं, की केर्लीपाशी जोतिबाचा फाटा लागतो. वर वाडी रत्नागिरी. रविवार हा देवाचा वार, त्यामुळे त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तर सासनकाठ्या, गुलाल आणि ‘चांगभलं’ यांच्यामध्ये माणूस दिसत नाही. माघातल्या खेट्यांचे रविवारही असेच भरलेले. पण एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी वर जाऊन बघा. दर्शन निवांत होतं, वारा छान असतो आणि दुकानदार एकमेकांशी गप्पा मारत बसलेले असतात.

आता समजा, पायथ्याच्या एखाद्या गावात तुमच्या घरच्यांनी चार खोल्यांचं होमस्टे काढलंय. शनिवार-रविवार खोल्या भरतात. सोमवार ते गुरुवार रिकाम्या. यात्रेच्या दिवसात तर ग्राहक शोधायची गरजच नसते, परत पाठवावे लागतात. तेव्हा ‘ग्राहक वाढवायचे’ हा तुमचा प्रश्नच नाही. मधल्या वारी कोण येऊ शकतं, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर शोधायला लांब जायला नको. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या कितीतरी घरांचं कुलदैवत जोतिबा आहे. त्यात आजी-आजोबा असतात, नुकतंच लग्न झालेलं जोडपं असतं, तान्हं बाळ घेऊन पहिल्यांदा पाया पडायला येणारे असतात. या लोकांना गर्दीच नको असते. शिवाय एवढं लांब यायचं तर अंबाबाई, जोतिबा आणि पन्हाळा एकाच फेरीत करावं असंही त्यांच्या मनात असतं. पन्हाळा २०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, तेव्हापासून मुलांना किल्ला दाखवायचं निमित्तही आहे. थोडक्यात, ग्राहक आहे. फक्त तो तुमच्या ओळखीचा नाही. मग तो कुणाच्या ओळखीचा आहे?

जोडीदार कोण? आधीचा किंवा नंतरचा

इथे पहिली चूक होते. ‘एकच ग्राहक’ म्हटल्यावर डोळ्यासमोर शेजारचा होमस्टेवाला येतो. पण त्याच्या खोल्याही त्याच मंगळवारी रिकाम्या आहेत. त्याच्याकडे गेलेला ग्राहक तुमच्याकडे येणार नाही. तो स्पर्धक आहे. कितीही चांगला मित्र असला तरी या कामात उपयोगाचा नाही.

मग वर गुलाल, खोबरं, दवणा विकणारे काका? ग्राहक तेच आहेत आणि स्पर्धाही नाही. पण काकांची आणि ग्राहकाची गाठ तो डोंगरावर पोहोचल्यावर पडते. घरी बसून ‘जाऊया का?’ असा विचार करणाऱ्या माणसापर्यंत काका पोहोचत नाहीत. काकांच्या दुकानात तुमचं कार्ड जरूर ठेवा, त्यांचं दुकान तुमच्या पाहुण्यांना जरूर सांगा. वेबिनार मात्र त्यांच्यासोबत होणार नाही.

आणि पुजारी? कित्येक घरांचं आणि तिथल्या पुजाऱ्यांचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं असतं. पण ते नातं देवाच्या निमित्ताचं आहे. त्याला जाहिरातीत ओढलं, तर तुमचंही नाव जातं आणि त्यांचंही. ते तिथेच राहू द्या.

म्हणजे हवा आहे असा व्यवसाय, ज्याच्याकडे हाच ग्राहक तुमच्या आधी जातो आणि जो तुमची वस्तू विकत नाही. पुण्यातला टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने देणारा व्यावसायिक हे त्याचं सरळ उदाहरण. कुटुंबाने जायचं ठरवलं, की पहिला फोन गाडीवाल्याला होतो. लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओ हे जरा कमी सुचणारं उदाहरण. लग्न झालं की कुलदैवताचं दर्शन ठरलेलं, आणि त्या घराशी स्टुडिओचा संपर्क अल्बम हातात पडेपर्यंत चालूच असतो. आपण गाडीचं उदाहरण पुढे नेऊ. समजा, पुण्यात एक ताई दोन टेम्पो ट्रॅव्हलर चालवतात आणि त्यांच्या फोनमध्ये सहाशे कुटुंबांचे नंबर आहेत. तुमच्या वहीत आजवर राहून गेलेली एकशे चाळीस कुटुंबं आहेत.

लिहिण्याआधी दोन दिवस

मेसेज लिहायला दहा मिनिटं लागतात. पण त्याआधीच्या दोन दिवसांवर सगळं अवलंबून असतं.

पहिल्या दिवशी त्या ताईंचे गूगलवरचे रिव्ह्यू बसून वाचा. लोक कशाचं कौतुक करतात, कशाला नावं ठेवतात? ‘ड्रायव्हर दादांनी आईला हात धरून उतरवलं’ असं कुणी लिहिलं असेल, तर त्यांचा ग्राहक म्हणजे ज्येष्ठ मंडळी असलेलं घर, हे तुम्हाला कळलं. गाड्या उशिरा येतात अशा तक्रारी ओळीने दिसल्या, तर तिथेच थांबा. कारण उद्या तुमच्या नावाने बुकिंग केलेल्या आजी रस्त्यावर ताटकळणार आहेत.

दुसऱ्या दिवशी आपली वही आणि आपलं व्हॉट्सॲप उघडा. मागच्या सहा महिन्यांत बुकिंगच्या आधी लोकांनी काय विचारलं, ते एका कागदावर उतरवून काढा. गाडी कुठपर्यंत जाते? पुढे पायऱ्या आहेत का, गुडघेदुखीवाल्याला जमेल का? दर्शनाला साधारण किती वेळ धरायचा? नैवेद्य कुठे करता येतो? एका दिवसात पन्हाळा होईल का? हे प्रश्न तुम्हाला रोज येतात, म्हणजे त्या ताईंनाही येत असणार. फरक इतकाच, की त्या पुण्यात बसून उत्तर देतात आणि तुम्ही ती वाट रोज बघता. तुमच्या प्रस्तावाचा जीव इथे आहे. तुमच्याकडे ग्राहक कमी आहेत, पण उत्तरं जास्त आहेत.

मेसेज कसा असावा?

पाच पानांची पीडीएफ नको. आधी छोटा मेसेज आणि त्यात एकच प्रश्न. साधारण असा:

*नमस्कार ताई. जोतिबाच्या पायथ्याशी आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. आजी-आजोबांना घेऊन येणारी कुटुंबं तुमच्या गाडीने येतात, हे तुमच्या रिव्ह्यूमध्ये वाचलं. ‘पायऱ्या किती, गर्दी कधी नसते’ हे प्रश्न आम्हाला रोज येतात, तुम्हालाही येत असतील. दिवाळीनंतर एका गुरुवारी रात्री नऊ वाजता आपण मिळून अर्ध्या तासाचं ऑनलाइन सत्र घ्यावं असं सुचवतो: ‘ज्येष्ठांसह जोतिबा, अंबाबाई, पन्हाळा: दोन दिवसांत, गर्दी टाळून’. त्यातून सोमवार ते गुरुवारच्या फेऱ्या मिळाव्यात हा उद्देश. गाडीचं बुकिंग पूर्ण तुमचं, मुक्कामाचं आमचं, कमिशन कुणाचं कुणाला नाही. वाटेचा व्हिडिओ, नोंदणीचा फॉर्म, पोस्टर हे सगळं मी करतो. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात: तुमच्या ग्राहकांना एक मेसेज आणि सत्रात दहा मिनिटं. त्याआधी तुम्ही एक रात्र आमच्याकडे राहून जागा बघावी, ही विनंती. या आठवड्यात दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?*

यातलं काय कशासाठी आहे, ते बघू. ‘आमच्याकडे सगळ्या सोयी आहेत’ असं एकही वाक्य त्यात नाही. सुरुवात त्यांच्या ग्राहकापासून होते. सोमवार ते गुरुवार हा उल्लेख मुद्दाम आहे, कारण गाडीचा हप्ता आणि ड्रायव्हरचा पगार मधल्या वारी थांबत नाही. तुमची खोली रिकामी असते तेव्हाच त्यांची गाडीही उभी असते. दोघांची गरज एकाच दिवशी आहे, हे त्यांना एका ओळीत दिसलं पाहिजे.

मग कामाची वाटणी. त्यांचे सहाशे आणि तुमचे एकशे चाळीस, हा मामला बरोबरीचा नाही. पोस्टरवर दोघांचे लोगो सारख्या आकाराचे लावले म्हणून तो बरोबरीचा होत नाही. म्हणून जास्तीचं काम तुम्ही अंगावर घ्यायचं आणि तसं स्पष्ट लिहायचं.

शेवटी मुक्कामाचं आमंत्रण. ताईंनी आपल्या ग्राहकांना तुमचं नाव सांगितलं आणि तुमच्याकडे गरम पाणी आलं नाही, तर ग्राहक तुम्हाला विसरेल पण ताईंना सोडणार नाही. ही भीती त्यांच्या मनात असतेच. ती त्यांनी बोलून दाखवायच्या आधी तुम्हीच दूर करा.

उत्तर आलं नाही, तर पाच-सहा दिवसांनी एकदाच आठवण करा, तीही वाटेचा एक मिनिटाचा व्हिडिओ सोबत जोडून. त्यानंतर थांबा. ‘बघू, सांगतो’ हे आपल्याकडे बऱ्याचदा नम्र नकाराचं रूप असतं. अशा वेळी मागणी लहान करता येते: ‘सत्र राहू द्या, हा व्हिडिओ तुमच्या जोतिबाच्या ग्राहकांना पाठवून बघाल का?’ वेबिनारला नाही म्हणणारी माणसं याला हो म्हणू शकतात आणि पुढचा दरवाजा तिथून उघडतो.

‘हो’ आल्यावर एक पान

ताई हो म्हणाल्या. आता आनंदाच्या भरात त्यांच्याकडून नंबरांची यादी मागू नका. त्यांनी स्वतःहून दिली तरी घेऊ नका. लोकांनी आपला नंबर गाडीसाठी दिलाय, तुमच्या खोल्यांच्या जाहिरातीसाठी नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे: ज्या कामासाठी संमती घेतली, त्याच कामासाठी माहिती वापरायची. म्हणून प्रत्येकाने आपापल्या ग्राहकांना आपापल्या फोनवरून मेसेज करायचा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये दोन वेगळे चौकोन ठेवायचे: ‘गाडीची माहिती पाठवा’ आणि ‘मुक्कामाची माहिती पाठवा’. ज्याने ज्यावर खूण केली, त्याच्याशी त्यानेच बोलायचं.

इथे व्हॉट्सॲपची एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. ताईंचे सहाशे म्हणजे तीन लिस्ट झाल्या आणि त्यातल्या सगळ्यांना मेसेज दिसेलच असं नाही. तो हिशेबात कमीच धरा.

दुसरं, भांडण जिथे होतं ते आधीच लिहून ठेवा. ताईंच्या मेसेजवरून आलेलं कुटुंब पुढच्या वर्षी थेट तुम्हाला फोन करून म्हणालं, ‘गाडी पण तुम्हीच सांगा कुणाची तरी’, तर? ग्राहकाला कुणी बांधून ठेवू शकत नाही. पण ‘त्यांच्याकडून आलेल्या घराला वर्षभर आम्ही दुसरी गाडी सुचवणार नाही’ एवढं एक वाक्य तुम्ही देऊ शकता. फेरी रद्द झाली तर ज्याचा ॲडव्हान्स त्याने परत करायचा, आणि सत्राचं रेकॉर्डिंग दोघांनी वापरायचं. हे सगळं एका पानात बसतं. वकिलाची गरज नाही, पण तोंडी ठेवू नका. व्हॉट्सॲपवर पाठवून ‘मान्य’ असं उत्तर घेतलं, तरी नंतर आठवणींची भांडणं होत नाहीत.

आणि एक मर्यादा. मंदिराचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. ‘आमच्याकडून आलात तर दर्शन लवकर’ असं तुम्ही किंवा ताई कुणीही म्हणू शकत नाही. पोस्टरवर देवाचा फोटो लावायचा मोहही टाळा. रस्त्याचा, डोंगराचा, तुमच्या ओसरीचा फोटो पुरेसा आहे.

अर्धा तास आणि त्यानंतर

अर्धा तासच का? झूमचं मोफत खातं चाळीस मिनिटांनी सत्र बंद करतं आणि ते नेमकं तेव्हा बंद होतं, जेव्हा लोक बुकिंगचं विचारायला लागतात. गूगल मीट मोफत खात्यावर साठ मिनिटं देतं. दोन्हीकडे शंभर माणसांची मर्यादा आहे आणि पहिल्या वेळी ती पुरून उरते. यूट्यूबवर लाइव्ह करायचं असेल, तर खात्यावर ती सोय पहिल्यांदा सुरू व्हायला चोवीस तास लागू शकतात. त्यामुळे सत्राच्या दिवशी संध्याकाळी सेटिंग उघडून बसू नका.

पहिली दहा मिनिटं ताईंची: पुण्याहून किती वाजता निघायचं, कुठे थांबायचं, आजोबांना गाडीत कुठली सीट द्यायची. पुढची दहा तुमची: गाडी लावण्याच्या जागेपासून मंदिरापर्यंत चालत घेतलेला व्हिडिओ आणि त्यावर तुमचं बोलणं. शेवटची दहा प्रश्नांची. दर शेवटी आणि एकदाच सांगा. तीस मिनिटं जाहिरात ऐकायला कुणी थांबत नाही, पण ‘पायऱ्यांना कठडा आहे का?’ याचं उत्तर डोळ्यांनी बघायला लोक थांबतात.

आता हिशेब. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमचे वेगळे येतील. सातशे चाळीस घरांना मेसेज गेला. साठांनी नोंदणी केली. प्रत्यक्षात पंचवीस आले. त्यातल्या तीन घरांनी बुकिंग केलं. ऐकायला किती कमी वाटतं! पण बारा माणसांचं एक कुटुंब मंगळवारी आलं, तर तुमच्या चारही खोल्या भरतात. दीड हजारप्रमाणे सहा हजार रुपये, जेवण वेगळं. तीन कुटुंबं म्हणजे अठरा हजार, तेही एरवी शून्य कमाईच्या दिवसांत. ताईंना दोन-दोन दिवसांच्या तीन फेऱ्या मिळाल्या. सत्राचा खर्च म्हणजे तुमची दोन-तीन दिवसांची मेहनत. इथे फायदा पंचवीस माणसांच्या गर्दीतून येत नाही, एका भरलेल्या मंगळवारातून येतो.

पण ही तीन घरं वेबिनारमुळेच आली, हे कळणार कसं? आपल्याकडे बुकिंग फोनवर होतं, लिंकवर नाही. म्हणून नोंदणीच्या फॉर्मच्या दोन प्रती करा, एक ताईंच्या मेसेजमध्ये आणि एक तुमच्या. सत्रात एक शब्द द्या: ‘बुकिंग करताना “गुरुवार” म्हणा, चहा-नाश्ता आमच्याकडून.’ फोनवर कुणी ‘गुरुवार’ म्हणालं, की वहीत खूण करायची. महिन्याने खुणा मोजायच्या.

एक गोष्ट मात्र हमखास बिघडते, ती म्हणजे वेळ. उत्साहाच्या भरात वेबिनार चैत्र पौर्णिमेच्या आधी ठेवला जातो, कारण तेव्हा सगळ्यांच्या तोंडी जोतिबा असतो. पण तेव्हा तुमच्याकडे खोली नाही, ताईंकडे गाडी नाही आणि ज्या ज्येष्ठांसाठी हे सगळं केलं त्यांना ती गर्दी झेपणार नाही. सत्र आणि रिकामे दिवस यांच्यात तीन-चार आठवड्यांचं अंतर असलं, की घरातल्यांना सुट्टी जुळवायला वेळ मिळतो.

शेवटचं काम छोटं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. महिन्याने ताईंना चार ओळी पाठवा: किती नोंदणी झाली, किती आले, त्यांच्या मेसेजमधून किती आणि माझ्यामधून किती, ‘गुरुवार’ म्हणून किती फोन आले. आकडा शून्य असला तरी पाठवा आणि लोकांनी विचारलेले, आपल्याला न सुचलेले प्रश्नही त्यात लिहा. स्पॉन्सरशिपच्या पत्रानंतर दुकानदाराला असा हिशेब कुणी देत नाही. तुम्ही दिलात, तर पुढच्या वेळी ‘आता पावसाळ्यातल्या पन्हाळ्याचं सत्र घेऊया का?’ हा मेसेज कदाचित ताईंकडूनच येईल.